आजोबांना ऐंशीव्या वाढदिवसाचा मजकूर : गोड होतो आहे, काय काढू?

गोठवाली

नमस्कार. पुढील महिन्यात माझ्या आजोबांना ऐंशी वर्षे पूर्ण होत आहेत. ते ग्वाल्हेरला लष्कर भागातील आमच्या जुन्या घरी काकांकडे असतात आणि मी नोकरीनिमित्त हैदराबादला आहे. रजा मिळत नसल्यामुळे मी एक मजकूर लिहून पाठवणार आहे. आजोबांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून माझा आतेभाऊ तो त्यांना वाचून दाखवील. आजोबा ए. जी. ऑफिसातून निवृत्त झाले आणि त्यांना कौतुक सहन होत नाही. निवृत्तीच्या समारंभात त्यांच्यावर भाषण चालू असताना ते पंख्याचे फेरे मोजत बसले होते, असे ते स्वतःच सांगतात.

मी पहिला खर्डा केला, तो पुढे देते.

«तीर्थरूप आजोबा, शिरसाष्टांग नमस्कार. आज आपल्याला ऐंशी वर्षे पूर्ण झाली. आपल्या मायेच्या वटवृक्षाखाली आमचे बालपण फुलले. दिवेलागणीला आपल्याबरोबर म्हटलेला परवचा, महाराज बाड्यापर्यंतचा फेरफटका, थंडीतला गजकचा तुकडा, रेडिओवरच्या बातम्या, अंगणातील बाजेवर पडून मोजलेले तारे आणि आपल्या अडकित्त्याचा आजही कानांत घुमणारा आवाज, हा सारा अनमोल ठेवा मी हृदयाच्या कुपीत जपून ठेवला आहे. आपण दिलेल्या संस्कारांच्या शिदोरीवरच आम्ही आज उभे आहोत. आपल्याला उदंड आयुष्य लाभो.»

लिहिताना डोळ्यांत पाणी आले होते. दुसऱ्या दिवशी वाचले तेव्हा लग्नपत्रिकेच्या मागील बाजूस छापण्याजोगे वाटले. या मजकुरातून काय काढावे आणि काय ठेवावे, हे कृपया सांगावे.

कम्पूकर

प्रथम आजोबांना नमस्कार. ऐंशी पूर्ण म्हणजे सहस्रचंद्रदर्शन झाले. त्यामुळे साधा मजकूर न लिहिता मानपत्र लिहावे, असे मी सुचवतो. प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी 'हे कुटुंबवत्सल', 'हे कर्तव्यदक्ष' असे संबोधन घालावे आणि शेवटी चार ओळी पद्यात असाव्यात. आमच्या काकांचे मानपत्र आम्ही चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावले आहे, हवे असल्यास मी ते टंकून देईन.

शिवाय ग्वाल्हेरचे वातावरण मजकुरात कमी पडते आहे. किल्ला, तानसेनाची समाधी, बंद झालेली छोटी लाइन यांचा उल्लेख केल्यास मजकूर भारदस्त होईल.

जुना_जुळारी

मी चाळीस वर्षे छापखान्यात काढली. त्यातील निम्मी खिळे जुळवण्यात गेली आणि उरलेली मुद्रिते तपासण्यात, त्यामुळे एकसष्टी, पंचाहत्तरी आणि सहस्रचंद्र यांचे किती मजकूर या हातांखालून गेले याची गणती नाही. म्हणून थोडे स्पष्ट लिहितो.

कम्पूकर, ऐंशी पूर्ण होताच सहस्रचंद्र होत नाही. वर्षाच्या बारा पौर्णिमा धरल्या तर ऐंशी वर्षांच्या नऊशे साठ होतात. एकोणीस वर्षांत सात अधिक मास येतात, म्हणजे ऐंशी वर्षांत एकोणतीस ते तीस. बेरीज नऊशे नव्वदच्या आसपास जाते आणि हजाराला दहा-एक पौर्णिमा कमी पडतात. म्हणूनच तो विधी ऐंशी पूर्ण झाल्यावर आणखी आठ-दहा महिन्यांनी करतात. ए. जी. ऑफिसातील माणसाला दहा चंद्र आगाऊ खात्यावर मांडून पाठवू नयेत, ते परत येतील.

आता खर्ड्याकडे वळतो. बाईंनी सहा आठवणींची नावे घेतली आहेत, परंतु आठवण एकही सांगितलेली नाही. 'परवचा' हा शब्द वाचल्यावर मला माझा परवचा आठवतो आणि कम्पूकरांना त्यांचा आठवतो. गोठवालींच्या घरचा परवचा कोणालाच दिसत नाही, आणि आजोबांनाही तो दिसेल असे वाटत नाही. मजकूर गोड झाला आहे तो भावना जास्त आहेत म्हणून नव्हे. मजकुरात वस्तू नाही आणि तिची रिकामी जागा विशेषणांनी भरून काढली आहे, म्हणून तो गोड झाला आहे. 'अनमोल', 'हृदयाची कुपी' आणि 'शिदोरी' काढून बघा. किती मजकूर उरतो?

छोट्या लाइनीबद्दल एवढेच म्हणतो की आजोबा ग्वाल्हेरलाच राहतात. त्यांना किल्ला कोठे आहे ते ठाऊक आहे.

आणखी एक शंका आहे. अडकित्त्याचा आवाज 'आजही' घुमतो असे लिहिले आहे. आजोबा अजून सुपारी कातरतात का?

गोठवाली

नाही. दंतवैद्यांनी सांगितल्यावरून त्यांनी सहा वर्षांपूर्वी सुपारी सोडली. अडकित्ता आता कपाटाच्या खणात आहे. 'आजही' हा शब्द माझ्या हातून सवयीने लिहिला गेला, हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आले आणि थोडी लाज वाटली.

पोहे_जलेबी

मी इंदूरचा आहे, म्हणून माझा अनुभव सांगतो. माझ्या आजोबांच्या पंचाहत्तरीला मी मोबाइलवर जवळजवळ दोन पाने मजकूर पाठवला होता. त्यात सराफ्यात रात्री खाल्लेल्या गराडूपासून सायकलच्या दांड्यावर बसून राजवाड्यापर्यंत केलेल्या फेऱ्यांपर्यंत सर्व काही होते. सायंकाळी त्यांचे उत्तर आले, 'ठीक. बिल भरले का?' मला फार वाईट वाटले. नंतर आईकडून कळले की त्यांना तो मजकूर उघडताच आला नव्हता, कारण 'पुढे वाचा' या अक्षरांवर बोट ठेवावे लागते हे त्यांना माहीतच नव्हते. त्यांनी पहिल्या चार ओळी वाचल्या होत्या आणि त्या चार ओळींत मी केवळ शुभेच्छा दिल्या होत्या. तेव्हापासून मी सांगण्यासारखी गोष्ट पहिल्या वाक्यात सांगतो. तुमच्या आजोबांनीही उत्तर दिले नाही तर मन लहान करू नका.

जुना_जुळारी

इंदूरकरांनी लाखाची गोष्ट सांगितली, जरी त्यांना स्वतःला ती दुःखाची वाटते.

गोठवाली, अडकित्ता ही तुमच्या यादीतील एकमेव वस्तू आहे जिला आवाज आहे. परवचा आणि अडकित्ता एकाच वेळी चालत असत का? असल्यास एका संध्याकाळी नेमके काय होत असे, ते येथे साध्या शब्दांत लिहा. आजोबांसाठी लिहू नका, आमच्यासाठी लिहा. 'रम्य', 'मंगल' असे काही नको.

गोठवाली

प्रयत्न करते.

आमच्या घराच्या मधल्या खोलीत झोपाळा होता. दिवे लागल्यावर आजोबा त्यावर बसत आणि मी समोर जमिनीवर बसत असे. शुभंकरोती पटकन आटोपत असे, कारण त्यात आजोबांना फारसा रस नव्हता. त्यानंतर परवचा होई. बे ते तीसपर्यंतचे पाढे आठवडाभरात विभागलेले होते, पण अपूर्णांकांपैकी एक रोज असे : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. वर्गात ही नावे कोणालाही ठाऊक नव्हती. माझी शाळा हिंदी माध्यमाची होती आणि मी तेथे 'सोळा नव्वे चव्वेचाळासे' म्हटले तेव्हा बाईंना ते चार हजार चारशे वाटले होते. एकशे चव्वेचाळीस हे त्यांना समजावून सांगण्यासाठी आजोबांना शाळेत यावे लागले.

मी म्हणत असताना आजोबा अडकित्त्याने सुपारी कातरत. ते माझ्याकडे पाहत नसत. पाढा बरोबर चालला असेल तोपर्यंत कर्र, कर्र असा आवाज एका लयीत येत राही. चूक झाली की आवाज थांबे. ते 'चुकलीस' म्हणत नसत आणि उत्तरही सांगत नसत. अडकित्ता उघडा धरून थांबत. मी दोन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा चढत येई, आणि बरोबर उत्तर आले की सुपारी तुटे. फार वेळ लागला तर एवढेच म्हणत, 'काय करून राहिली गं? मागून ये.'

हे सर्व पावणेनऊच्या हिंदी बातम्यांपूर्वी संपावे लागे. बातम्यांची वेळ झाली की पाढा अर्धा असला तरी सुटका होई.

मात्रा_वेलांटी

मी पुण्याची आहे. लेखन सुंदर आहे, परंतु एक सुधारणा सुचवते. 'काय करून राहिली' ही हिंदीच्या प्रभावाने झालेली अशुद्ध रचना आहे. 'काय करते आहेस' असे लिहावे. वाढदिवसाच्या मजकुरात तरी भाषा निर्दोष असावी. तसेच आरंभी 'तीर्थरूप' नको. तीर्थरूप केवळ आईवडिलांना लिहितात, आजोबांना 'तीर्थस्वरूप' लिहावे.

गोठवाली

तुमचे आभार मानते, पण ते वाक्य मी बदलणार नाही. आजोबा तसेच बोलतात. ग्वाल्हेरची मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या शेजारी राहिली आहेत. माझ्या वाक्यांतील चुका अवश्य काढा, परंतु त्यांच्या तोंडचे वाक्य पुण्याहून दुरुस्त होऊन आले तर ते त्यांना ओळखू येणार नाही.

जुना_जुळारी

वाक्याच्या बाबतीत मी गोठवालींच्या बाजूचा आहे. तीर्थरूपाबद्दल मात्र आमच्या छापखान्यातही एकमत नव्हते. आमचे मालक सांगत की घरातील रक्ताच्या वडीलधाऱ्यांना तीर्थरूप आणि तितक्याच आदराच्या बाहेरच्या माणसांना तीर्थस्वरूप. मुख्य मुद्रितशोधक मात्र वेलांटीताईंच्या मताचे होते. दोघेही एकमेकांना दुरुस्त करीत वारले. आजोबा स्वतः त्यांच्या आजोबांना काय लिहीत असत ते काकांना विचारून घ्या आणि तेच लिहा.

कम्पूकर

मानपत्राचा आग्रह मी मागे घेतो. परंतु औटकीबद्दल थोडी माहिती देतो. औटकी म्हणजे साडेचारचा पाढा. आमच्या शेजारी एक गुप्ताजी होते, ते त्याला ढोंचा म्हणत आणि त्यावर धान्याचा हिशेब तोंडी करीत. आमच्या घरी मात्र परवचा नव्हता, आमचे आजोबा संध्याकाळी पत्ते खेळत.

जुना_जुळारी

ढोंचा साडेचारचाच, तुमचे गुप्ताजी चुकले नाहीत. पण औट म्हणजे साडेतीन. हिंदीत त्याला हूँठा म्हणतात आणि दोन्ही शब्द एकाच जुन्या प्राकृत शब्दाचे आहेत. 'औट घटकेचे राज्य' म्हणतो ते साडेतीन घटकांचे. हे पाढे हौसेचे नव्हते. रुपयाचे सोळा आणे आणि शेराचे चार पावशेर असताना बाजारातील प्रत्येक भाव पाव, पाऊण, दीड यांतच येत असे. गोठवालींचे आजोबा साधारण अकरा-बारा वर्षांचे असताना, 1957 साली, नवे पैसे आले आणि थोड्याच वर्षांत किलोही आले. म्हणजे ज्या हिशेबासाठी हा परवचा ते शिकले, तो हिशेब त्यांच्या मिसरूड फुटण्याच्या सुमारासच संपला होता. तरी त्यांनी तो नातीकडून म्हणवून घेतला. का, हे त्यांना विचारू नका. असल्या प्रश्नाला उत्तर म्हणून माणूस भाषण करतो.

औटकी पाठ नसेल तर एक रीत आहे. आकड्याची तिप्पट करावी आणि त्यात त्याचा अर्धा मिळवावा. सात औटे काढायचे असतील तर सात त्रिक एकवीस, त्यात साडेतीन, मिळून साडेचोवीस.

गोठवाली

जुळारीकाका, तुम्ही नेमका सातचाच दाखला दिलात, म्हणून आता एक गोष्ट कबूल करते.

औटकी मला कधीही पाठ झाली नाही. आजोबांच्या झोपाळ्यामागे एक खिडकी होती आणि तिच्या चौकटीवर, त्यांच्या डोक्याच्या थोडे वर, मी पेन्सिलीने संपूर्ण औटकी लिहून ठेवली होती. त्यासाठी दुपारी खुर्चीवर चढले होते. त्यांची पाठ खिडकीकडे असे, मी समोरून वाचत असे. पहिल्याच संध्याकाळी सातावर अडकित्ता थांबला. मी घाईत 'साडेपंचवीस' लिहिले होते. मागे जाऊन सहा औटे एकवीसमध्ये साडेतीन मिळवले तेव्हा साडेचोवीस आले आणि सुपारी तुटली. चौकटीवरील आकडा खोडायला पुन्हा खुर्चीवर चढायचे धाडस झाले नाही, कारण आजी दुपारी त्याच खोलीत पडत असे. त्यामुळे बाकीचे नऊ आकडे मी दोन वर्षे वाचत राहिले आणि सातावर पोचले की चौकटीकडे न बघता म्हणत राहिले. आज मला औटकीतील एकच उत्तर झोपेतून उठवले तरी येते, आणि ते चौकटीवर चुकीचे लिहिलेले.

हे मी घरी कोणालाही सांगितलेले नाही.

सूरसागर

वडोदऱ्याहून लिहीत आहे. आतापर्यंत फक्त वाचत होते.

मजकूर मिळाला, असे मला वाटते. आजोबांना परवचा ठाऊक आहे, अडकित्ता ठाऊक आहे, बातम्यांची वेळ ठाऊक आहे. त्यांच्या पाठीमागे काय लिहिलेले होते ते त्यांना ठाऊक नाही. दोघे रोज समोरासमोर बसत होतात, पण खिडकी तुमच्याच बाजूला दिसत होती. तुमच्या बाजूचे तेवढेच सांगा. फेरफटका, गजक आणि तारे गाळा. ते पुढील वर्षी उपयोगी पडतील.

एक प्रश्न मात्र आहे. आपल्या लिहिण्यात आजी केवळ दुपारी पडलेली दिसते. त्या आहेत का?

गोठवाली

आजी चार वर्षांपूर्वी गेली. तिचा उल्लेख करावा की नाही हे मला ठरवता येत नाही. वाढदिवसाच्या दिवशी आजोबांना रडवायचे नाही, आणि तिचे नाव सर्वस्वी टाळले तर तेही त्यांच्या लक्षात येईल.

मात्रा_वेलांटी

माझ्या मते आनंदाच्या प्रसंगी गेलेल्या माणसाचा उल्लेख टाळावा. आमच्या घरी एका वाढदिवसाला असा उल्लेख झाला आणि पुढील सर्व कार्यक्रम शोकसभेसारखा झाला.

सूरसागर

'आज आजी असती तर' असे लिहिले तर शोकसभा होईलच. पण त्या वेळी त्या खोलीत त्या जे करीत असत तेवढेच लिहिले तर तसे होणार नाही. त्यांचा तेथे असण्याचा हक्क आहे.

जुना_जुळारी

येथे माझा कौल कोणाकडेही नाही. माझ्या पत्नीचे नाव माझ्या पंचाहत्तरीच्या मजकुरात मुलाने गाळले होते आणि त्याने ते माझ्यासाठीच गाळले होते हे मला कळत होते. तरी मी तो कागद दोनदा उलटून पाहिला.

लिहिण्याच्या बाबतीत दोन गोष्टी सांगतो, कारण हे मोठ्याने वाचले जाणार आहे. पहिली, आतेभावाला एका दमात वाचता येईल एवढेच वाक्य असावे. स्वतः मोठ्याने वाचून पाहा. जेथे श्वास घ्यावा लागेल तेथे पूर्णविराम द्यावा. दुसरी, आकडे अंकांत लिहू नका, अक्षरांत लिहा. '24½' वाचताना हल्लीची मुले 'चोवीस पूर्णांक एक छेद दोन' म्हणतात आणि तेथे सारे संपते. कागदावर जाड काळ्या ठशात छापून टपालाने पाठवा. अठरा-वीस पॉइंटांचा ठसा असला तर कदाचित आजोबा नंतर एकटे असताना भिंगाखाली धरतील.

पोहे_जलेबी

आणि पहिल्याच वाक्यात गोष्ट सांगा. मागे लिहिले आहेच.

गोठवाली

सर्वांच्या सूचनांनंतर मजकूर असा झाला आहे. काकांनी सांगितले की आजोबा त्यांच्या आजोबांना 'तीर्थरूप' लिहीत, म्हणून तो शब्द ठेवला आहे. 'आपण' काढून 'तुम्ही' केले, कारण मी त्यांना आयुष्यात कधी 'आपण' म्हटलेले नाही.

«तीर्थरूप आजोबांस शिरसाष्टांग नमस्कार.

औटकी मला कधीच पाठ नव्हती. झोपाळ्यामागच्या खिडकीच्या चौकटीवर मी ती पेन्सिलीने लिहून ठेवली होती आणि तुमच्या डोक्यावरून वाचत होते. तेव्हा मी चौथीत होते.

सात औटे मी तेथे साडेपंचवीस लिहिले होते. पहिल्या दिवशी तुमचा अडकित्ता थांबला तेव्हा चूक कळली. खोडण्यासाठी खुर्ची ओढली असती तर आजी जागी झाली असती. म्हणून बाकीचे आकडे वाचले आणि सातावर डोळे खाली घेऊन साडेचोवीस म्हटले. पाचवी संपेपर्यंत असे चालले.

तुम्ही कधी मागे वळून पाहिले नाही. आजी निरांजन घेऊन देवघराकडे जाताना तुम्ही पाय वर घेत होता, तेव्हा झोपाळा थोडा तिरपा होई आणि चौकटीवरचे आठ आणि नऊ तुमच्या डोक्याआड जात. त्या दोन ठिकाणी मी अडखळत असे. तुम्ही म्हणत होता, काय करून राहिली गं, मागून ये. मी मागून येत नव्हते. आजी निघून जाण्याची वाट पाहत होते.

बातम्यांना पाच मिनिटे उरली की मी मुद्दाम सावकाश म्हणत असे, हेही सांगून टाकते.

आज तुम्हाला ऐंशी वर्षे पूर्ण झाली. येथे माझ्या कामात दिवसभर आकडेच असतात, पण चुकल्यावर थांबणारे काही नाही. दिवाळीत येईन तेव्हा चौकट पुसून देईन.

तुमची नात»

सूरसागर

'चुकल्यावर थांबणारे काही नाही' हे वाक्य ठेवावे की काढावे, यावर मी बराच वेळ विचार केला. थोडे गोडाकडे झुकते आहे. तरी ठेवावे, असे वाटते.

मात्रा_वेलांटी

मी काढले असते. बाकी मजकुराला हात लावू नका. 'करून राहिली' हे आता मलाही खटकत नाही, हे नमूद करते.

कम्पूकर

शेवटी 'जीवेत शरदः शतम्' एवढे तरी घालावे. आशीर्वचनाशिवाय वाढदिवसाचा कागद अपुरा वाटतो.

जुना_जुळारी

कम्पूकर, नातीने आजोबांना आशीर्वाद द्यायचा नसतो, घ्यायचा असतो. गोठवाली, मजकूर छापायला हरकत नाही. वादातील वाक्याचा निर्णय तुमचा तुम्ही घ्या. छापण्यापूर्वी एकच करा, पूर्ण औटकी एकदा कागदावर मांडून तपासा. हिशेब तपासणाऱ्या माणसाला पाठवत आहात.

गोठवाली

वाढदिवस परवा झाला. ते वाक्य मी ठेवले. येथे सर्वांनी एवढा वेळ दिला, म्हणून काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

आतेभावाने दिवेलागणीनंतर वाचून दाखवले. पहिल्या वाक्यालाच आजोबांनी त्याला थांबवून पुन्हा वाचायला लावले. संपूर्ण वाचून झाल्यावर ते काही बोलले नाहीत. आजीच्या वाक्यावर त्यांनी पाय वर घेतले, असे आतेभाऊ सांगतो, पण तो असल्या गोष्टी रंगवून सांगतो, त्यामुळे मी खात्री देत नाही. त्यानंतर त्यांनी त्याला मोबाइलचा टॉर्च घेऊन खिडकीशी जायला सांगितले. चौकटीला मधल्या काळात दोनदा तेलरंग दिला गेला आहे, त्यामुळे अक्षर दिसत नाही. मी पेन्सिल फार दाबून धरत असे. बोट फिरवल्यावर 'पंचवीस' हाताला लागते, असे तो म्हणाला. आजोबांनी स्वतः उठून तेथे बोट फिरवले, आणि हे मात्र काकूंनीही पाहिले आहे.

साडेआठला मला फोन आला. मी कार्यालयातून नुकतीच निघाले होते आणि रस्त्यावर गोंगाट होता. मला वाटले, आशीर्वाद देतील किंवा निदान कागद मिळाल्याचे सांगतील. आजोबा म्हणाले, 'नऊ औटे?'

मी थांबले. पलीकडे तेही थांबले. मग मी साडेएकतीस म्हटले.

'हं,' म्हणाले. 'बातम्या लागतील आता.' आणि फोन ठेवला.

पोहे_जलेबी

सात औट्यांपासून वर चढत आलात ना?

गोठवाली

नाही. नऊ त्रिक सत्तावीस आणि साडेचार. जुळारीकाकांची रीत.